पाचवीपासून बदलत जाणारं इंग्रजी नाव: गोव्यातल्या घरांसाठी दुरुस्तीची रीत

दुखणं असं दिसतं. देवनागरीत मुलाचं नाव सगळीकडे एकच आहे, पण इंग्रजी कागद शेजारीशेजारी मांडले की एकाच मुलाची तीन-चार नावं निघतात. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, हायस्कुलाच्या रजिस्टरात दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. मग शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो, पॅन-आधार जोडणी अडते, पासपोर्टाच्या वेळी जादा कागद मागतात. घरचे लोक धावाधाव करून एक कागद दुरुस्त करून आणतात आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच कागदावर तीच अडचण उभी राहते.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलाच्या कार्यालयात काम करते. दरवर्षी जूनमध्ये हे दुखणं माझ्या टेबलावर जन्म घेताना दिसतं, म्हणून ते कुठून येतं आणि मुळापासून कसं काढायचं, हे इथे सविस्तर लिहिते आहे. लिहिलेलं आहे ते स्पेलिंगच्या गोंधळाबद्दल. आडनावच वेगळं करून घ्यायचं असेल तर गोव्यात त्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो रस्ता पूर्ण निराळा आहे.

नाव फुटतं कुठे

आपल्याकडे पुष्कळ मुलं सरकारी मराठी प्राथमिक शाळेत चौथी पास होतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात येतात. प्राथमिकचं रजिस्टर आणि शाळा सोडल्याचा दाखला देवनागरीत असतो. तो दाखला हायस्कुलात आला की कार्यालयातला माणूस नाव वाचतो आणि त्याला वाटेल तसं इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. जन्मदाखला सोबत जोडलेला असतो, पण घाईच्या दिवसांत नजर दाखल्यावरच जाते. त्या क्षणी मुलाला नवं इंग्रजी नाव मिळतं. ते पुढे दहावीच्या परीक्षेसाठी पर्वरीच्या मंडळाकडे जातं, गुणपत्रिकेवर छापलं जातं, आणि त्यानंतर ते बदलणं फार जड होतं.

उदाहरणासाठी एक नाव रचून घेते: ज्ञानेश विठ्ठल गावकर. आपल्या भागात सहज आढळेल असंच आहे, आणि तिन्ही शब्द अडचणीचे आहेत.

ज्ञ या जोडाक्षराला मराठी कान Dny म्हणतो, हिंदीची सवय असलेला माणूस Gy लिहितो, आणि संस्कृतच्या शिस्तीत ते Jn होतं. त्यामुळे Dnyanesh, Gyanesh आणि Jnanesh ही तिन्ही स्पेलिंगं प्रामाणिकपणे लिहिलेलीच असतात. विठ्ठलची अडचण वेगळी आहे. रोमन लिपीत t ला h लावला की तो ठ आहे की थ, हे कळत नाही, आणि द्वित्त दाखवायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहतं. म्हणून Vithal, Vitthal आणि Vithhal.

गावकर सर्वांत जास्त फिरतं. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि गांव चं गाव झालं. पण कोकणीत तो नाकातला स्वर अजून स्पष्ट आहे, आणि जुन्या शिक्षकांच्या हातचे दाखले गांवकर असंच लिहितात. अनुस्वार पाहणारा माणूस Gaonkar किंवा Gaunkar टाइप करतो. नव्या पद्धतीचा गावकर वाचणारा Gavkar किंवा Gawkar करतो. इंग्रजीतला तो n म्हणजे जुन्या अनुस्वाराची उरलेली खूण आहे. त्यामुळे दोन सख्ख्या भावांची नावं केवळ त्यांचे दाखले वेगवेगळ्या शिक्षकांनी लिहिले म्हणून वेगळी झालेली मी पाहिली आहेत.

आजोबांच्या कागदावरचा तिसरा सूर

गोव्यात याखाली आणखी एक थर आहे. 1961 च्या आधीच्या नोंदी पोर्तुगीज कानाने आणि पोर्तुगीज अक्षररीतीने लिहिलेल्या आहेत. त्या रीतीत k, w आणि y जवळजवळ वापरत नसत. क साठी c येतो, पण पुढे ए किंवा इ असेल तर qu. श साठी x येतो. म्हणून केरकर Quercar होतो, शिरोडकर Xirodcar होतो, नाईक Naique होतो आणि विष्णू Vixnum होतो. शिवाय लिहिणाऱ्याने कोकणी उच्चार ऐकलेला असतो, तेव्हा आपला अ तिथे o होऊन बसतो आणि प्रभू Porobo होतात. केपेचं Quepem आणि साखळीचं Sanquelim रस्त्याच्या पाटीवर आपण रोज वाचतो. घराण्यांची नावंही याच रीतीने लिहिली गेली.

हे माहीत असलं की एक मोठी भीती जाते. आजोबांच्या नावावरची जमीन फॉर्म 1 व 14 मध्ये Gauncar या आडनावाने असेल आणि बापाचं आडनाव Gaunkar असेल, तर कोणी चूक केलेली नाही. एकच नाव दोन अक्षररीतींत उतरलं आहे. अशा फरकाची दुरुस्ती करत बसायची नसते, त्याचा दुवा जोडायचा असतो. तो कसा, ते पुढे सांगते.

संगणकाला विचारून का भागत नाही

बरेच तरुण पालक म्हणतात, एखाद्या प्रमाणित पद्धतीने एकदा बदलून घेऊ आणि तेच वापरू. पद्धती आहेत. आयएसओ 15919 ही 2001 ची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आणि सरकारी नकाशांवरच्या गावांच्या नावांसाठी हंटेरियन आहे. पण आयएसओ पद्धत अक्षर न अक्षर उतरवते, उच्चार उतरवत नाही. लिनक्सवर आयसीयूची साधनं असतील तर हे करून पाहा:

```
echo "ज्ञानेश" | uconv -x "Devanagari-Latin; Latin-ASCII"
```

उत्तर येतं `jnanesa`. शेवटचा a कोणी उच्चारत नाही, पण श मध्ये तो लिपीच्या नियमाने दडलेला आहे म्हणून यंत्र तो लिहितं. श चं चिन्ह उतरवताना टिंबं-रेघा काढल्या की साधा s उरतो, त्यामुळे श आणि स यांतला फरकही गेला. टिंबं-रेघा ठेवायची सोय नसते, कारण पासपोर्टच्या खालच्या यंत्र-ओळीत नावाला फक्त A ते Z आणि रिकाम्या जागेसाठी `<` चालतं. आपल्या उदाहरणातल्या मुलाची ती 44 चिन्हांची ओळ अशी दिसेल:

```
P<INDGAUNKAR<<DNYANESH<VITHAL<<<<<<<<<<<<<<<
```

उलट्या दिशेनेही असंच बिघडतं. आधारसारख्या अर्जांत इंग्रजी नाव टाइप केलं की देवनागरी आपोआप भरली जाते, आणि Gaunkar चं गौनकर होऊन बसतं. तो देवनागरी शब्द पाहून पुढचा माणूस पुन्हा इंग्रजी करतो, आणि नाव आणखी एक पायरी दूर जातं. म्हणून माझं सांगणं असं, की लिप्यंतर प्रत्येक घराने एकदाच, विचार करून करावं. त्यानंतर कुठल्याही खिडकीवर देवनागरीवरून इंग्रजी करायचं नाही; ठरलेल्या इंग्रजी स्पेलिंगची नक्कलच उतरवायची.

निदान: सगळे कागद एका तक्त्यात

दुरुस्तीला धावण्याआधी घरातले सगळे कागद काढा आणि नावं तीन रकान्यांत उतरवा: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. कागदावर आहे तसंच उतरवा, मनातल्या मनात सुधारू नका. आपल्या उदाहरणातलं घर असं दिसतं:

```
जन्मदाखला (मुलगा)   DNYANESH | VITHAL  | GAONKAR
आधार (मुलगा)        DNYANESH | VITHAL  | GAONKAR
हायस्कूल रजिस्टर    GYANESH  | VITTHAL | GAUNKAR
आधार (वडील)         VITHAL   | NARAYAN | GAUNKAR
पॅन (वडील)          VITHAL   | NARAYAN | GAUNKAR
पासपोर्ट (वडील)     VITHAL   | NARAYAN | GAUNKAR
फॉर्म 1 व 14        NARAINA  |         | GAUNCAR
```

हा तक्ता आडवा वाचतात तसा तिरपाही वाचायचा असतो. मुलाचा मधला रकाना म्हणजे वडिलांचा पहिला. तो अक्षरशः तोच असायला हवा, कारण पॅन कार्डावर वडिलांचं नाव छापलं जातं आणि पासपोर्टावरही येतं. मुलाचं नाव एकटं कधीच नसतं, ते बापाच्या स्पेलिंगला बांधलेलं असतं. म्हणून मुलाच्या नावाचा निर्णय घेताना बापाचे कागद टेबलावर हवेतच. लोक हीच गोष्ट विसरतात, आणि बरोबर दुरुस्ती करूनही काही वर्षांनी अडकतात.

तक्ता संगणकावर केला असेल तर डोळ्यांवर विसंबू नका. एक्सेलमध्ये किंवा लिब्रे ऑफिसमध्ये दोन खाने असे पडताळून पाहा:

```
=EXACT(UPPER(TRIM(B2)),UPPER(TRIM(B3)))
=LEN(B3)
```

पहिलं सूत्र लहान-मोठ्या अक्षरांचा आणि जास्तीच्या मोकळ्या जागांचा फरक सोडून बाकी जुळणी सांगतं. दुसरं लांबी मोजतं. DNYANESH VITHAL GAUNKAR सलग लिहिलं तर दोन मोकळ्या जागा धरून 23 चिन्हं होतात. 24 आलं तर कुठेतरी दोन जागा पडल्या आहेत किंवा शेवटी एक चिकटली आहे. दिसायला दोन्ही नावं सारखी आणि तरी पहिलं सूत्र नाही म्हणत असेल, तर बहुधा एखाद्या संकेतस्थळावरून उचललेलं नाव आहे आणि त्यात न तुटणारी मोकळी जागा आली आहे. `TRIM` ती काढत नाही. नाव पुसून हाताने पुन्हा टाइप केलं की ती जाते.

फरक सापडला की तो कसला आहे ते ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. GYANESH आणि DNYANESH हा अक्षरांचा फरक आहे. तो दुरुस्तच करावा लागतो. GAUNKAR आणि GAUNCAR हा पोर्तुगीज आणि इंग्रजी रीतींचा फरक आहे. त्याला दुवा पुरतो. काही वेळा तिन्ही शब्द बरोबर असतात, फक्त आडनाव पहिल्या रकान्यात गेलेलं असतं किंवा वडिलांच्या नावाऐवजी नुसतं V आलेलं असतं. तिथे अक्षर बदलायचं नसतं, अर्जात शब्द आपापल्या जागी न्यायचे असतात. पॅनच्या अर्जात पहिल्या नावाला आणि आडनावाला आद्याक्षर चालत नाही. तिथे पूर्ण शब्दच हवा.

कोणतं स्पेलिंग धरायचं

शुद्ध कोणतं, हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. आपला प्रश्न वेगळा आहे: कोणता कागद हलवणं सर्वांत अवघड, आणि बाकीचे कुठल्या कागदावरून जन्मतात?

मुलाच्या पहिल्या नावासाठी तो कागद म्हणजे जन्मनोंद. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे त्यांच्यासाठी नावही तिथलंच पाया ठरतं. आडनावासाठी आणि मधल्या नावासाठी वडिलांचे चालू कागद पाहायचे: आधार, पॅन, पासपोर्ट, पगाराचं खातं. ज्या स्पेलिंगवर हे सगळे उभे आहेत ते स्पेलिंग घराचं.

आपल्या घरात वडिलांच्या तीन कागदांवर GAUNKAR आहे आणि मुलाच्या दोन कागदांवर GAONKAR. मोजदाद 3 विरुद्ध 2 अशी करायची नाही. वडिलांचं आडनाव बदललं तर पॅन, पासपोर्ट, बँक, नोकरीचं रेकॉर्ड, विमा, सगळं हलतं. मुलाचं बदललं तर जन्मनोंद आणि आधार, एवढंच. मूल आठवीत आहे, अजून मंडळाकडे नाव गेलेलं नाही. म्हणून निर्णय असा: पहिलं नाव जन्मनोंदीतलं DNYANESH, मधलं वडिलांच्या आधारातलं VITHAL, आडनाव वडिलांचं GAUNKAR.

हेच मूल दहावी होऊन गेलेलं असतं तर मी उलट सल्ला दिला असता. गुणपत्रिका, बारावी, विद्यापीठाचा प्रवेश हे सगळं GYANESH वर उभं राहिल्यावर जन्मनोंद आणि आधार त्या बाजूला नेता येतं का, ते आधी तपासावं. दहावी हा या साऱ्या प्रकरणातला उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे हिशेब वेगळा होतो.

दुरुस्तीचा क्रम

आधी जन्मनोंद. पंचायत किंवा नगरपालिकेच्या निबंधकाकडे 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली अर्ज होतो. नोंद चुकीची असल्याची निबंधकाची खात्री पटली तर तो मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख घालतो. अर्जासोबत वडिलांचे कागद जोडा. मागणी "नाव बदला" अशी नसते. वडिलांचं आडनाव अमुक असताना नोंदीत तमुक पडलं, ते दुरुस्त करा, अशी असते. अर्जाचे शब्द असे नेमके असले की तो नाव-आडनाव बदलाच्या कायद्याकडे ढकलला जात नाही. दुरुस्तीनंतर नव्या प्रती घ्या आणि जुन्या, लॅमिनेट केलेल्या प्रती वापरातून काढा. घरात दोन्ही राहिल्या तर कोणीतरी घाईत जुनीच जोडतं.

मग मुलाचं आधार, नव्या जन्मदाखल्याच्या आधारे. आधारातलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून हा बदल अर्धवट नको. पहिलं, मधलं आणि आडनाव एकाच वेळी ठरलेल्या रूपात आणा. केंद्रावर तुमच्या बाजूच्या पडद्यावर नाव दिसतं, आणि पोचपावतीवर छापून मिळतं. अक्षर न अक्षर वाचा. देवनागरी ओळही वाचा, आणि तिथे गौनकर झालं असेल तर तिथल्या तिथे गावकर करून घ्या.

मग शाळेचं रजिस्टर. आधी गेलात तर शाळा विचारेल, कशाच्या आधारे बदलू? दुरुस्त जन्मदाखला आणि आधार हातात असले की उत्तर तयार असतं. जनरल रजिस्टरात मुख्याध्यापक स्वतःच्या मर्जीने खाडाखोड करू शकत नाहीत, शिक्षण खात्याच्या पातळीवर मंजुरी मागावी लागू शकते. त्याला वेळ जातो, म्हणून अर्ज आठवीतच द्या. दहावीच्या अर्जांच्या गर्दीत हे काम घेऊन येणाऱ्या पालकांना आम्ही मनापासून मदत करतो, पण तेव्हा तारखा आमच्याही हातात नसतात.

बँकखातं शेवटी. बँक आधार आणि पॅन पाहूनच नाव लावते, तेव्हा ते जुळल्यावर खात्याचं काम सोपं होतं. पॅन अजून काढलेलं नसेल तर आधार दुरुस्त होईपर्यंत थांबा. पॅन आणि आधार जोडताना नावात किरकोळ फरक असेल तर ओटीपी विचारून जोडणी होऊ शकते, पण नाव पूर्ण वेगळं असेल तर जोडणी नाकारली जाते. जन्मतारीख आणि लिंग मात्र तंतोतंत जुळावं लागतं. नावाच्या गडबडीत लोक तिकडे पाहायचं विसरतात.

जुने कागद दुवा जोडून ठेवा

आता राहिले आजोबा. फॉर्म 1 व 14 मधलं NARAINA GAUNCAR आणि वडिलांच्या कागदांवरचं NARAYAN GAUNKAR. आजोबांच्या नोंदीला हात लावू नका. हयात नसलेल्या माणसाची जुनी नोंद आजच्या रीतीत बदलायला गेलात तर दुसरे सगळे जुने कागद, दस्त आणि वाटणीचे आदेश, तिच्याशी जुळेनासे होतात. त्याऐवजी वडिलांनी एक प्रतिज्ञापत्र करून ठेवावं, की अमुक आणि तमुक ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. त्यात दोन्ही स्पेलिंगं, कोणत्या कागदावर कोणतं आहे, सर्व्हे नंबर आणि गावाचं नाव पूर्ण लिहावं. नुसतं "माझ्या वडिलांच्या नावात फरक आहे" एवढ्याने भागत नाही. वारसाहक्काच्या कामात म्यूटेशन होईल तेव्हा नवी नोंद आजच्या स्पेलिंगने चढेल. जुनी तशीच इतिहासात राहील, आणि दोघांमधला पूल म्हणजे हे प्रतिज्ञापत्र.

याच प्रतिज्ञापत्राने मुलाचं GYANESH आणि DNYANESH भागवू नका. चालू कागदांवर ते फार दिवस टिकत नाही. ऑनलाइन अर्जातल्या नावाच्या खान्यात प्रतिज्ञापत्र जोडता येत नाही, आणि यंत्र फक्त अक्षरं पाहतं. प्रतिज्ञापत्र माणसाने वाचायच्या फायलींसाठी आहे.

पुन्हा फुटू नये म्हणून

निर्णय झाला की घरातल्या प्रत्येकाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, तीन भाग वेगळे करून, एका कागदावर टाइप करून घ्या. खाली देवनागरी रूपही लिहा. आईचंही लिहा, कारण तिचं नाव जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टावर येतं. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव दोन्ही, आणि कोणत्या कागदावर कोणतं आहे तेही. धाकटं मूल असेल तर त्याची ओळ थोरल्याच्या ओळीखाली लिहा आणि मधला शब्द व आडनाव अक्षर न अक्षर ताडून पाहा. तान्हं मूल असेल आणि जन्मनोंदीत अजून नाव चढलं नसेल तर पंचायतीत जाताना हाच कागद न्या.

खिडकीवर नाव तोंडी सांगू नका. "गावकर" असं ऐकून पलीकडचा माणूस काय टाइप करील, हे त्याच्या शाळेवर, गावावर आणि कानावर अवलंबून आहे. कागद पुढे करा आणि पडद्यावर उमटलेलं वाचून घ्या. इस्पितळात, विमा घेताना, मोबाइलचं सिम घेतानाही हेच करा. अशा ठिकाणी पडलेलं चुकीचं स्पेलिंग पुढे पत्त्याचा किंवा ओळखीचा पुरावा म्हणून परत येतं.

दोन वेळी मात्र विशेष लक्ष द्यायला हवं. एक, पाचवीचा प्रवेश. देवनागरी दाखल्यावर जन्मदाखल्याची प्रत वरून टाचा आणि त्यातल्या इंग्रजी नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढा, आणि प्रवेश झाल्यावर रजिस्टरातली नोंद त्याच दिवशी दाखवायला सांगा. त्या दिवशी नवी नोंद सरळ करून घेणं सोपं असतं. आठवीत त्याच कामाला फाइल लागते. दुसरी वेळ मुलाच्या पंधराव्या वर्षाची. तेव्हा आधारासाठी बोटांचे ठसे आणि डोळे नव्याने द्यावे लागतात, तसेच ते पाचव्या वर्षीही द्यावे लागतात. त्या फेरीत नावाला हात लावायचं कारण नसतं. तरी पोचपावती हातात आली की उठण्याआधी तिन्ही शब्द घरच्या कागदाशी ताडून पाहा, आणि एखादं अक्षर हललेलं दिसलं तर तिथूनच परत फिरवा.